घरखर्चातला माझा वाटा

चाकण, २ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई, तू लगेच ‘जेवलीस का’ वर येतेस. म्हणून लिहितेय.

गणपतीत तुझ्या हातात पाच हजारांचं पाकीट दिलं होतं. दिवाळीत खिरीसाठी तांदूळ काढायला डबा उघडला तर तेच पाकीट तळाशी, न उघडलेलं. आणि किराणाच्या वहीत ३,७४० रुपये उधारी! माझ्या लग्नासाठी ठेवलेस हे कळतं गं, पण ते घरात खर्च व्हावेत म्हणूनच दिले होते.

आता हिशोब. हातात २६,४०० येतात. खोली ५,५००, मेस ३,६००. मोबाईल, साबण, रविवारचा वडापाव, गावाला येणं-जाणं धरून २,९००. म्हणजे बारा हजारांत माझं भागतं. (चपलांचा मोह झाला नाही तर.)

उरलेल्या १४,४०० मधले सात हजार घराचे. घराचं लाइट बिल आणि गॅस मी इथूनच ऑनलाइन भरेन, दोन हजारांच्या आसपास होतात. उरलेले पाच हजार दर सात तारखेला आईच्या खात्यात. त्यातून आधी किराणा, मग ओंकारचा क्लास. गिरणीचं बिल बाबांचंच, त्यात मी हात घालत नाही. बाबा, लेकीचे पैसे कसे घ्यायचे, असं तुम्ही म्हणाल. दादा असता तर घेतले असतेत ना?

पाच हजारांची आरडी याच महिन्यापासून, नऊ महिन्यांची. ४५ हजार आणि वर थोडं व्याज. पुढच्या वर्षी डिग्रीला प्रवेश घ्यायचाय, कारण आमच्याकडे डिप्लोमावाल्यांना एका पायरीच्या वर चढवत नाहीत. नोकरी सोडणार नाही, घाबरू नका. राहिलेले २,४०० खात्यात पडून राहतील, आजारपण किंवा नोकरीची भानगड झाली तर. थोडी शिल्लक जमेपर्यंत सोन्याची भिशी नको, आई. काकूंना माझं नाव सांगितलं असशील तर काढून घे.

एखाद्या महिन्यात ओव्हरटाइम नसला तर आरडी आधी भरेन आणि घरी हजारभर कमी येतील. तसं आधीच कळवेन. तुम्हाला कधी जास्त लागले तर मागा. उधारी करू नका.

ओंकारला लाइट बिलाचा फोटो पाठवायला सांगा, ग्राहक क्रमांक नीट दिसेल असा. मागच्या वेळी त्याचा अंगठाच जास्त दिसत होता. आणि डब्यातलं ते पाकीट उद्याच किराणा दुकानात जाऊ दे.

बाबा, दगडाला टाकी लावून झाली का? दिवाळीत पीठ जरा भरड येत होतं.

तुमची,
मनीषा