पहिला बूट

वाढदिवसाचे, शिकवणीचे पैसे डब्यात साठत होते आणि तिच्या वहीतली नव्या कॉम्प्युटरच्या भागांची यादी महिनोन्‌महिने बदलत होती. प्रोसेसरसाठी एएम5 सॉकेट म्हटल्यावर डीडीआर5 रॅम आलीच; स्वस्तातली डीडीआर4 तिने हळहळत खोडली. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये मावेल का, हे पट्टीने आखून पाहिलं. रंगीत पंखे? पैसे उरले तर! पॉवर सप्लायवर मात्र तडजोड नाही.

अखेर सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळीच.

"गेले पैसे!" दादाने बटणाकडे हात नेला.

"थांब रे! पहिल्यांदा रॅमचं ट्रेनिंग चालतं. वेळ लागतो."

मदरबोर्डवरचा डीरॅमचा दिवा जळतच होता. मग एकदम बायोस उघडलं. 32 जीबी, दोन्ही पट्ट्या.

"आणि विंडोज?"

"पेनड्राइव्ह कालच तयार केलाय."