लडाखची आखणी : ५ ते १३ सप्टेंबर

आई, बाबा, दादा, वहिनी,

तिकिटं काढायच्या आधी हे शांतपणे वाचा. नऊ दिवस, आठ रात्री, आणि आपण सहा जण. पहिले दोन दिवस मी जवळजवळ रिकामे ठेवले आहेत. "एवढे पैसे खर्चून जायचं आणि दोन दिवस खोलीत बसायचं?" असं बाबा विचारणार, म्हणून त्याचं उत्तर आधी देते.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. रस्त्याने चढत गेलो तर शरीराला वाटेत थोडा वेळ मिळतो. विमान मात्र दिल्लीहून सव्वा-दीड तासात थेट तिथे नेऊन ठेवतं. मग शरीर श्वासाचा वेग वाढवतं आणि मूत्रपिंडं रक्ताचा तोल नव्याने बसवू लागतात. हे काम दोन-तीन दिवस चालतं. जिम करणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. दादा, हे खास तुझ्यासाठी, कारण तरुण आणि दणकट माणसंच पहिल्या दिवशी जास्त धावपळ करतात.

फसवणारी गोष्ट अशी की उतरल्यावर अगदी छान वाटतं. त्रास सुरू होतो तो सहा-बारा तासांनी, बहुतेक वेळा रात्री. म्हणून "मला काही होत नाहीये, चला खारदुंगलाला" हे दुपारी दोन वाजता कोणी म्हटलं तरी मी ऐकणार नाही.

५ सप्टेंबर. सकाळच्या विमानाने लेह. गाडी थेट मुक्कामाला. सामान उचलणाऱ्याला उचलू द्या, बाबा, एक बॅगसुद्धा हातात घ्यायची नाही. खोल्या मुद्दाम तळमजल्यावरच्या घेतल्या आहेत. नाश्ता, मग पडून राहायचं. गाढ झोप लागलीच पाहिजे असं नाही, पण धडपड नको. जेवण हलकं, पाणी घोट घोट. संध्याकाळी बरं वाटलं तर आवारात जर्दाळूच्या झाडांखाली खुर्च्या टाकून बसू. आंघोळीची घाई कोणी करू नका. रात्री झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन पुन्हा जोरात सुरू होतो आणि माणूस दचकून उठतो. या उंचीवर हे पुष्कळांना होतं, त्याने घाबरायचं नाही. झोपेची गोळी आणि दारू मात्र अजिबात नाही, दोन्हींनी श्वास आणखी मंदावतो.

६ सप्टेंबर. सकाळी सगळ्यांनी एकमेकांना विचारायचं: डोकं दुखतंय का, मळमळ, चक्कर, भूक कशी आहे? चिमी अकरा वर्षांची आहे, ती "डोकं जड" असं कदाचित सांगणार नाही. ती कुरकुरी झाली, खायला नको म्हणाली, तर तेच लक्षण समजा. सगळं ठीक असेल तर दहानंतर लेहच्या बाजारात सपाट रस्त्यावर तासभर फेरी. दुपारी विश्रांती. संध्याकाळी शांतिस्तूप, गाडीने वरपर्यंत. पायऱ्यांनी कोणी चढायचं नाही. लेहचा राजवाडा मोहात पाडेल, पण आत सगळे चढ आणि जिने आहेत. तो मी १० तारखेला ठेवला आहे.

७ सप्टेंबर. सिंधूच्या काठाने खाली. निम्मूजवळ सिंधू आणि झंस्करचा संगम वरून दिसतो, दोन प्रवाहांचे रंग वेगळे. पुढे आलची, सुमारे ३,१०० मीटर, म्हणजे लेहपेक्षा कमी उंची. तिथल्या मठातली भित्तिचित्रं जुनी आहेत, आत फोटो काढू देत नाहीत. आईला हा दिवस सगळ्यात आवडेल. मुक्काम पुन्हा लेह.

८ आणि ९ सप्टेंबर. चौथ्या दिवशी खारदुंग ला, ५,३५९ मीटर. वर पंधरा मिनिटांच्या वर थांबायचं नाही. फोटो काढा, गाडीत बसा. पलीकडे उतरून नुब्रा खोऱ्यातलं हुंडर, पुन्हा साधारण ३,१०० मीटरवर. दोन रात्री तिथेच. वाळूच्या टेकड्या, दोन वशिंडांचे उंट, दुसऱ्या दिवशी दिस्कितचा मठ. दुपारभर नुसतं बसायला ही जागा उत्तम आहे.

१० सप्टेंबर. लेहला परत, संध्याकाळी राजवाडा.

११ आणि १२ सप्टेंबर. पँगाँगवरून माझं आणि वहिनीचं बरंच बोलणं झालं. तळं सुमारे ४,२५० मीटरवर आहे. नुब्राहून श्योकच्या रस्त्याने थेट गेलं तर एक दिवस वाचतो, पण झोपायची उंची एकदम हजार-अकराशे मीटरने वाढते. तीन हजारांच्या वर एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त चढून झोपू नये, असा साधा नियम आहे. म्हणून लेहहून चांग ला ओलांडून ११ ला तांगत्सेला मुक्काम, सुमारे ३,९०० मीटर. १२ ला पहाटे निघून तासाभरात तळ्यावर. सकाळच्या उन्हात निळा रंग बघायचा आणि दुपारपर्यंत परतीला लागायचं. तंबूत तळ्याकाठी रात्र काढायची वहिनींची हौस राहून जाईल, याचं मला खरंच वाईट वाटतं, पण आईबाबा सोबत असताना मी ते करणार नाही.

१३ सप्टेंबर. सकाळचं विमान. खराब हवेत लेहची विमानं रद्द होतात, म्हणून दादा, १५ पर्यंत कुठलंही काम ठरवू नकोस.

औषधांचं. आईच्या बीपीच्या गोळ्या चालू ठेवायच्या, पण तिच्या आणि बाबांच्या डॉक्टरांना ही उंची आणि हे वेळापत्रक दाखवून होकार घेतल्याशिवाय मी तिकिटं काढणार नाही. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दलही त्यांनाच विचारू. मोठ्यांना प्रतिबंधासाठी ती सहसा १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, निघण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. चिमीची मात्रा तिचे डॉक्टर ठरवतील. बाबांना सल्फाची ॲलर्जी आहे, हे तिथे आधी सांगायचं. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, त्याची भीती नको. ऑक्सिमीटर मी घेते. लेहला आकडा ८५ ते ९० दिसू शकतो, म्हणून आकड्यापेक्षा माणसाकडे बघायचं.

कोणाचं डोकं दुखलं आणि मळमळलं तर त्या दिवशी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. बसल्या बसल्या धाप, ओला खोकला, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच ऑक्सिजन, खाली उतरणं आणि रुग्णालय. गाडीवाल्याला सांगून ठेवलं आहे की सिलिंडर गाडीतच हवा. "माझ्यामुळे सगळ्यांचा दिवस वाया जाईल" म्हणून आई डोकेदुखी लपवते, हे मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस गं. आपल्याकडे दिवस आहेत, म्हणूनच ठेवलेत.

सामानात लोकरी टोपी आणि मोजे, उन्हासाठी गॉगल आणि क्रीम, कारण थंडीतही तिथलं ऊन चामडी भाजतं. बाहेरची प्रीपेड सिमकार्डं तिथे चालत नाहीत, दादाचं पोस्टपेड आहे, तोच सगळ्यांचा फोन. नुब्रा-पँगाँगच्या परवान्यांसाठी ओळखपत्रांचे फोटो मला रविवारपर्यंत पाठवा, आणि डॉक्टरांकडे कधी जाताय तेही कळवा.