अक्का, शनिवारपुरतं लोकेशन

अक्का, मेसेज लांबलचक आहे, चहा घेऊन बस. फोनवरच सांगणार होतो, पण आई शेजारी बसून मध्ये मध्ये बोलते आणि कामाचं अर्धं राहून जातं.

शनिवारी तू एकटी लीड्सहून इनव्हर्नेसला गाडी घेऊन निघणार हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आईचं दाते पंचांगात दिवस बघून झालंय, दिवस चांगला आहे म्हणे. वर अण्णांनी तिला हिशोब करून सांगितलं की साधारण सहाशे किलोमीटर, म्हणजे सोलापूर-मुंबईच्या दीडपट. काय गरज होती, त्यांनाच ठाऊक. आता तिचं एकच पालुपद, "ते ठिपक्याचं लावायला सांग तिला."

ठिपक्याचं नाव काढलं की तुझं डोकं फिरतं, माहीत आहे. मागच्या वर्षी तू गुगल मॅप्सवर Until you turn this off ठेवून दिलंस आणि विसरलीस. चार महिने आई देवपूजा झाली की आधी तुझा ठिपका बघायची. "परवा रात्री साडेअकराला कुठल्या गल्लीत होतीस गं?" असं आत्यानं तुला विचारलं, तेव्हा तू भडकलीस ते बरोबरच होतं. आत्यापर्यंत ते गेलं माझ्यामुळे. आईच्या फोनचा स्क्रीनशॉट मीच मोठ्या ग्रुपवर टाकला होता. चुकलंच माझं. म्हणून यावेळी मी अशी सोय शोधलीय, की तू विसरलीस तरी ते आपोआप बंद पडेल.

आपल्या चौघांचा व्हॉट्सअॅपवर वेगळा ग्रुप केलाय, नाव "शनिवार". तू, आई, अण्णा आणि मी. लोकेशन तिथेच टाकायचं. मोठ्या ग्रुपवर चुकूनही टाकू नकोस, कारण ग्रुपमध्ये टाकलेलं लाइव्ह लोकेशन ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतं, आणि तिथं आपली बेचाळीस माणसं आहेत. त्यातली निम्मी तर मला लग्नात भेटली तरी ओळखू येत नाहीत.

आधी एक सेटिंग. तुझा आयफोन आहे, तर Settings मध्ये जा, मग Privacy & Security, मग Location Services, तिथं WhatsApp शोध आणि Always कर. त्याखालचं Precise Location पण चालू असू दे. हे केलं नाहीस तर फोन खिशात गेला की ठिपका जागेवर थिजतो, आणि इकडे आमचा जीव थिजतो. पोचल्यावर आठवणीनं परत While Using the App कर.

आता शनिवारी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी: ग्रुप उघड, टाइप करतो त्या चौकोनाशेजारचं अधिकचं चिन्ह दाब, Location निवड, मग Share live location. तीन पर्याय येतील, पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास. आठ तास निवड, पाठव, फोन चार्जरला लाव आणि विसरून जा. चार्जर नक्की लाव, दिवसभर लोकेशन चालू म्हणजे बॅटरी चांगलीच खाते. गाडी चालवताना मात्र फोनला हात लावायचा नाही. हातात फोन धरला तर दोनशे पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट, हे तूच मला सांगितलं होतंस.

आता हिशोब. तू आठला निघालीस की इथं साडेबारा. आठ तास संपतात तुझ्या चार वाजता, आमच्या साडेआठला. गाडी सात तास चालणार, पण तू जेवायला थांबणार, चहाला थांबणार, म्हणजे आठ तासांत बसत नाही. तेव्हा शेवटचा थांबा एव्हिमोरला घेशील ना, तिथं पार्किंगमध्ये आधीचं बंद करून एक तासाचं नवं पाठव. तिथून इनव्हर्नेस पाऊण तासाच्या आत आहे. उगाच आणखी आठ तासांचं टाकू नकोस. रात्री हॉटेलात तू काय करतेस ते आम्हाला कळायचं काही कारण नाही.

मधेच बंद करावंसं वाटलं तर त्याच मेसेजवर Stop sharing दाब. कारण सांगायची गरज नाही, फक्त "बंद केलंय" एवढं टाक, म्हणजे आई घाबरणार नाही. एक बारीक गोष्ट: बंद केल्यावरही तुझी शेवटची जागा त्या मेसेजमध्ये आम्हाला उघडून बघता येते. राहायचं ठिकाण दाखवायचं नसेल तर अलीकडच्या पेट्रोल पंपावरच बंद कर. खरंच चालेल.

दुसरा मार्ग म्हणजे गुगल मॅप्समध्ये रस्ता लावल्यावर Share trip progress दिसतं. ते मुक्कामाला पोचलं की आपोआप बंद होतं, त्या दृष्टीनं हेच जास्त चांगलं. पण आईला व्हॉट्सअॅपची सवय आहे, नवीन लिंक आली की ती अण्णांकडे फोन देते, अण्णा चष्मा शोधतात, आणि मग मला ऑफिसात फोन येतो. मॅप्स उघडलंस तर मागच्या वर्षीचं काही चालू राहिलंय का तेवढं बघ. वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर दाबून Location sharing मध्ये जा, तिथं कुणाचं नाव दिसलं तर काढून टाक. माझं दिसलं तरी.

पर्थच्या पुढे ए-नाइन रस्ता डोंगरातून जातो, तिथं मधेमधे रेंज जाणार. रेंज नसली की ठिपका शेवटच्या जागी उभा राहतो. हे आईला कितीदा समजावलं सांगू! मागे तू स्कॉटलंडला फिरायला गेलीस तेव्हा ठिपका एका तळ्याच्या काठाला अर्धा तास उभा होता, तर ती शेंगा कुटायचं सोडून, बत्ता हातात तसाच घेऊन बाहेर आली. "गाडी पाण्यात गेली काय बघ रे." तू तिथं सँडविच खात होतीस.

म्हणून आमच्या बाजूचे नियम मी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून फ्रिजला लावलेत. तू गाडीत असताना कुणी फोन करायचा नाही. ठिपका तासभर हलला नाही तर फक्त मी मेसेज करणार, आणि तू थांबल्यावर उत्तर देणार. स्क्रीनशॉट काढायचा नाही, तो नियम मी माझ्यासाठीच लिहिलाय. आई म्हणाली, "दर दोन तासांनी एक फोन तरी?" मी नाही म्हणालो. ती गप्प बसली, पण मान्य केलं असं समजू नकोस.

शुक्रवारी रात्री तुझं जेवण झालं की "शनिवार" ग्रुपवर पंधरा मिनिटांचं टाकून बघ. इथं मध्यरात्र उलटून गेलेली असेल, पण आई जागी राहणार आहे, मी पण. तिला ठिपका स्वतः उघडता आला की मला "दिसतंय" म्हणून पाठवायला सांगतो.