आवर्ती कल: दिवाळीच्या सुट्टीतला सराव

अकरावी विज्ञान, रसायनशास्त्र. एकूण गुण ३०. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला वही आणायची.

घटक चाचणीत विचारलं होतं, "सोडियमपेक्षा क्लोरीनचा अणू लहान का?" निम्म्या वर्गानं लिहिलंय, "कारण आवर्तात डावीकडून उजवीकडे अणुत्रिज्या कमी होते." हा कल झाला, कारण नव्हे. जूनमध्ये पाऊस का पडतो, तर जूनमध्ये पडतोच म्हणून, असं सांगितल्यासारखं आहे. अशा उत्तराला मी शून्य दिलंय आणि सहामाहीलाही शून्यच देणार.

'कारण द्या' आलं की तीन गोष्टी बघायच्या: केंद्रकात प्रोटॉन किती, बाहेरचा इलेक्ट्रॉन कितव्या कवचात, आणि दोघांच्या मध्ये आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा किती. उत्तरात या तिघांपैकी निदान एकाचं नाव दिसलं पाहिजे.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी: कॉलेजात ऐकता ते अ‍ॅटॉमिक रेडियस म्हणजे अणुत्रिज्या, आयनायझेशन एनर्जी म्हणजे आयनीभवन ऊर्जा, इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी म्हणजे विद्युतऋणता. पेपरात कुठलाही शब्द चालेल, अर्थ चुकला तर चालणार नाही. आयनीभवन ऊर्जा ही वायुरूप, सुट्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा. विद्युतऋणता ही बंधातल्या सामायिक इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे ओढण्याची क्षमता. पहिली एकट्या अणूची, दुसरी बंधात अडकलेल्या अणूची.

भाग १ (प्रत्येकी १ गुण. तासगाव, पलूसहून एस्टीनं येणाऱ्यांनी हा गाडीतच उरकावा.)

प्र. १. अणुत्रिज्येच्या चढत्या क्रमानं लावा: लिथियम, कार्बन, फ्लुओरीन, बेरिलियम.

प्र. २. पहिली आयनीभवन ऊर्जा सर्वांत कमी कुणाची: सोडियम, पोटॅशियम, लिथियम, रुबिडियम?

प्र. ३. विद्युतऋणतेच्या उतरत्या क्रमानं लावा: क्लोरीन, आयोडीन, फ्लुओरीन, ब्रोमीन.

प्र. ४. चूक की बरोबर: "दुसऱ्या आवर्तात सर्वांत जास्त विद्युतऋणता निऑनची." चूक असेल तर विद्युतऋणतेच्या व्याख्येवरूनच का ते लिहा.

भाग २ (तिसऱ्या आवर्ताची माहिती. त्रिज्या पिकोमीटरमध्ये, पहिली आयनीभवन ऊर्जा किलोज्यूल प्रति मोलमध्ये.)

| मूलद्रव्य | त्रिज्या | ऊर्जा |
|---|---|---|
| Na | १८६ | ४९६ |
| Mg | १६० | ७३८ |
| Al | १४३ | ५७८ |
| Si | ११८ | ७८७ |
| P | ११० | १०१२ |
| S | १०४ | १००० |
| Cl | ९९ | १२५१ |

प्र. ५. सोडियमपासून क्लोरीनपर्यंत सहा इलेक्ट्रॉन वाढतात, तरी अणू जवळजवळ निम्मा होतो. का? (३)

प्र. ६. ऊर्जेच्या रकान्यात चढता कल दोन ठिकाणी मोडतो. ती ठिकाणं शोधा आणि दोन्हींची कारणं वेगवेगळी लिहा. (४)

प्र. ७. एका विद्यार्थ्यानं या तक्त्याखाली आरगॉनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या, १८८ पिकोमीटर, लिहिली आणि म्हणाला, "आरगॉन सोडियमपेक्षाही मोठा." त्याची चूक कुठे झाली? (२)

भाग ३ (डोकं लावायचं)

प्र. ८. O²⁻, F⁻, Na⁺, Mg²⁺, Al³⁺ यांना आकाराच्या उतरत्या क्रमानं लावा. (३)

प्र. ९. तिसऱ्या आवर्तातल्या एका मूलद्रव्याच्या लागोपाठच्या आयनीभवन ऊर्जा ५७८, १८१७, २७४५, ११५७७ किलोज्यूल प्रति मोल आहेत. तक्ता न बघता मूलद्रव्य ओळखा. (३)

प्र. १०. गणात खाली जाताना अणू मोठा होतो. मग ॲल्युमिनिअम १४३ आणि त्याच्या खालचं गॅलियम १३५ पिकोमीटर कसं? (३)

प्र. ११. "फ्लुओरीनची विद्युतऋणता सर्वांत जास्त, म्हणून त्याची आयनीभवन ऊर्जाही सर्वांत जास्त." खोडून काढा. (३)

प्र. १२. पॉलिंग मापनावर हायड्रोजन २.२०, फ्लुओरीन ३.९८, क्लोरीन ३.१६, ब्रोमीन २.९६, आयोडीन २.६६. HF, HCl, HBr, HI यांतला सर्वांत ध्रुवीय बंध कोणता आणि सर्वांत कमी ध्रुवीय कोणता? वजाबाकी दाखवा. (५)

उत्तरं (आधी स्वतः सोडवा. पहिल्या भागाची, सातव्या आणि बाराव्या प्रश्नाची उत्तरं मुद्दाम दिलेली नाहीत. सातव्यासाठी एवढंच: बांधलेल्या आणि न बांधलेल्या अणूंचं अंतर एकाच फूटपट्टीनं मोजत नाहीत.)

५. वाढणारे सगळे इलेक्ट्रॉन तिसऱ्याच कवचात बसतात. नवं कवच उघडत नाही. आतले दहा इलेक्ट्रॉन तेवढेच, म्हणजे आडोसा जवळजवळ तेवढाच. एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना नीट झाकत नाहीत. प्रोटॉन मात्र ११ वरून १७ होतात. बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची निव्वळ ओढ वाढते आणि ढग आत खेचला जातो. 'कवच तेच' हे शब्द नसतील तर एक गुण जाईल.

६. पहिली घसरण मॅग्नेशियमकडून ॲल्युमिनिअमकडे, ७३८ वरून ५७८. मॅग्नेशियमचा जाणारा इलेक्ट्रॉन 3s मधला, ॲल्युमिनिअमचा 3p मधला. 3p ची ऊर्जा जास्त आणि त्याला 3s चा आडोसाही मिळतो, म्हणून तो लवकर सुटतो. दुसरी फॉस्फरसकडून गंधकाकडे, १०१२ वरून १०००. फॉस्फरसच्या 3p³ मध्ये तिन्ही कक्षकांत एकेक इलेक्ट्रॉन. गंधकाच्या 3p⁴ मध्ये एका कक्षकात दोघं दाटीनं बसतात, एकमेकांना ढकलतात आणि त्यातला एक काढणं सोपं जातं. बहुतेक जण दोन्हीकडे "अर्धा भरलेला स्थिर" ठोकतात. पहिल्या घसरणीत अर्धं भरलेलं काहीच नाही!

८. O²⁻ > F⁻ > Na⁺ > Mg²⁺ > Al³⁺. प्रत्येकात इलेक्ट्रॉन दहाच, प्रोटॉन मात्र ८, ९, ११, १२, १३. दहाच जणांना ओढणारे वाढत गेले की आकार आवळत जातो. इथे आवर्त-गण आठवत बसू नका, प्रोटॉन मोजा.

९. सध्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या दिसतायत. मागनं लोंबणारा ऊस ओढलात तर निघतो, दुसरा थोडा जोर लावून, तिसरा अजून जोर लावून. दोराखाली आवळलेल्याला हात घातला की हात सोलतो, ऊस हलत नाही. (ट्रॉली थांबलेली असतानाच, आणि मालकाला विचारून.) इथे उडी तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यात आहे: २७४५ वरून ११५७७, चौपटीहून जास्त. म्हणजे बाहेरच्या कवचात तीन इलेक्ट्रॉन, चौथा आतल्या, दुसऱ्या कवचातला. मूलद्रव्य ॲल्युमिनिअम. ५७८ ते १८१७ ही तिपटीची वाढ बघून फसू नका. तिथे कवच बदललेलं नाही. आधी 3p गेला, मग 3s ला हात घातला आणि तोही धनप्रभारित आयनातून.

१०. दोघांच्या मध्ये 3d चे दहा इलेक्ट्रॉन भरले गेले. d इलेक्ट्रॉन आडोसा करायला कच्चे. अणुअंक १३ वरून ३१ झाला, वाढलेली ओढ पुरती झाकली गेली नाही, म्हणून कवच वाढूनही आकार वाढला नाही. झिर्कोनियम आणि हाफ्नियम जवळजवळ सारख्याच आकाराचे निघतात, तेही याच जातीचं प्रकरण. फक्त तिथे 4f चे चौदा जबाबदार.

११. सर्वांत जास्त आयनीभवन ऊर्जा हेलियमची, २३७२ किलोज्यूल प्रति मोल. फ्लुओरीनची १६८१, निऑनसुद्धा त्याच्या पुढे, २०८१. दोन्ही राशी बहुधा एकाच दिशेनं वाढतात, पण मोजतात वेगळं. हेलियम बंधच करत नाही, मग बंधातले इलेक्ट्रॉन ओढणार कुठून?