स्टॉक बॅलन्स मधेच चुकतो: पेमेंट विंडो उघडी असताना दुसऱ्या मशीनवरची एन्ट्री उडते (व्हर्जन ७.४.२)

सपोर्ट टीम, नमस्कार,

आधी फोनवर सांगितलं होतं तेच नीट लिहून पाठवतोय, कारण फोनवर दरवेळी वेगळा माणूस असतो आणि दरवेळी "री-इंडेक्स करून बघा" इथूनच सुरुवात होते. री-इंडेक्स करून झालंय, काही फरक नाही. यावेळी आम्ही टेस्ट कंपनी बनवून बग पकडलाय, आता तो तुमच्याकडेही दिसेल. कृपया हे डेव्हलपरपर्यंत जाऊ द्या, सपोर्टच्या टेबलावरच बंद करू नका.

आमचा सेटअप

कृषी सेवा केंद्र, तालुका निफाड. तीन मशीन एकाच लॅनवर. काउंटर १ चा पीसी हाच सर्व्हर, विंडोज १०, डेटाबेस त्याच्यावरच. काउंटर २ केबलने जोडलेला. गोडाऊनमध्ये लॅपटॉप, तो वायफायवर, त्यावर फक्त इनवर्ड एन्ट्री होते. तिन्हीकडे ७.४.२ च आहे, चेक केलंय. युजर तिघांचे वेगळे.

काय होतंय

स्टॉक समरीत दिसणारा बॅलन्स आणि त्याच आयटमच्या लेजरचा शेवटचा बॅलन्स जुळत नाही. लेजर बरोबर असतं, गोडाऊनला जाऊन गोण्या मोजल्या तरी लेजरएवढ्याच भरतात, चुकते ती समरी. आणि बिल करताना आयटमसमोर जो स्टॉक दिसतो तो समरीवालाच, म्हणजे चुकीचा. रोज होत नाही, गिऱ्हाईक कमी असेल तर आठवडाभर काहीच नाही, आणि पेरणीच्या गर्दीत एकाच दिवशी दोन-तीन आयटम बिघडलेले सापडतात. त्यामुळे तुमच्याकडून कोणी रिमोट घेतला की सगळं व्यवस्थित दिसतं आणि आम्ही खोटे पडतो.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो २१ जूनला, शनिवारी, युरियाच्या बाबतीत. तोच सविस्तर देतो, वेळा लेजरमधल्या आणि बिलावरच्या आहेत.

११:४२ ला युरियाचा बॅलन्स ६४ गोणी. काउंटर १ वर एका शेतकऱ्याचं १० गोण्यांचं बिल टाकलं आणि F9 मारून पेमेंट विंडो उघडली. आता आमच्याकडे खत नुसतं बिल करून देता येत नाही, पॉस मशीनवर आधार लावून अंगठा घ्यावा लागतो, आणि कांदा-द्राक्षात राबणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा अंगठा काही पहिल्या झटक्यात लागत नाही. बोट पुसा, दुसरं बोट लावा, परत करा. तोवर पेमेंट विंडो तशीच उघडी. ११:४७ ला गोडाऊनच्या लॅपटॉपवरून गाडीचं इनवर्ड पडलं, ९ टन म्हणजे २०० गोण्या. ११:५१ ला काउंटर २ वर ६ गोण्यांचं बिल सेव्ह झालं. मग ११:५८ ला एकदाचा अंगठा लागला आणि काउंटर १ चं बिल F10 ने सेव्ह केलं.

व्हायला पाहिजे होतं ६४ + २०० − ६ − १० = २४८. लेजर २४८ दाखवतं. समरीत आले ५४.

५४ म्हणजे ६४ वजा १०. मधे आलेली गाडी आणि मधलं ६ चं बिल, दोन्ही जणू झालेच नाहीत. त्यानंतर काउंटर २ वाला पोरगा लोकांना "युरिया संपत आलाय, दोन-दोनच मिळतील" असं सांगत बसला, आणि गोडाऊन भरलेलं. पेरणीच्या टायमाला दुकानदाराने असं सांगितलं की गावात काय बोलतात ते तुम्हाला सांगायला नको. माल दाबून ठेवला म्हणतात.

आमच्या हिशोबाने कारण काय

कोड तुमचा आहे, पण लक्षण अगदी साफ आहे म्हणून लिहितो. पेमेंट विंडो उघडली की सॉफ्टवेअर त्या वेळचा बॅलन्स वाचून ठेवतं आणि सेव्ह करताना त्या जुन्याच आकड्यातून वजाबाकी करून आलेलं उत्तर मास्टरमध्ये सरळ लिहून टाकतं, मधे दुसऱ्या मशीनने काय केलं ते परत बघतच नाही. म्हणून फरक कधीही वाकडातिकडा येत नाही, दरवेळी मधल्या एखाद्या एन्ट्रीच्या नगांएवढा किंवा अशा एन्ट्र्यांच्या बेरीज-वजाबाकीएवढाच येतो. मधे विक्री झाली असेल तर समरी जास्त दाखवते, इनवर्ड झालं असेल तर कमी.

आणि आधी हे का नव्हतं? माझ्या मते असेलही, पण जुन्या व्हर्जनला F9 मारलं की कॅश टाकून दोन सेकंदात विंडो बंद. ७.४ पासून त्याच विंडोत यूपीआयचा क्यूआर येतो, गिऱ्हाईक मोबाईल काढणार, नेट शोधणार, पिन आठवणार, आणि वर आमचा पॉसचा अंगठा. विंडो पाच-दहा मिनिटं उघडी राहते. तेवढ्यात बाकी दोन मशीनवर काही ना काही होतंच.

परत करून बघायच्या स्टेप्स

दोन मशीन पाहिजेत, एकावर दोन लॉगिन करून होत नाही (दुसरी विंडो उघडतच नाही).

१. नवी टेस्ट कंपनी, एकच आयटम, नाव "टेस्ट युरिया", ओपनिंग १०० गोणी, एकच गोडाऊन, बॅच बंद.
२. काउंटर १: नवीन बिल, टेस्ट युरिया ५ गोणी, F9. पेमेंट विंडो उघडी ठेवा, सेव्ह करू नका.
३. काउंटर २: नवीन बिल, तोच आयटम ३ गोणी, F9, कॅश, F10 ने सेव्ह. आत्ता समरी ९७ दाखवते, म्हणजे इथपर्यंत बरोबर.
४. काउंटर १ ला परत या आणि कशालाही हात न लावता F10.
५. समरी बघा, मग आयटम लेजर बघा.

अपेक्षित: दोन्हीकडे ९२.
प्रत्यक्षात: लेजर ९२, समरी ९५.

आता यातली गंमत, ज्याच्यामुळे हा बग कधी दिसतो कधी नाही. स्टेप ४ ला F10 च्या आधी Esc मारून बिलावर परत गेलात आणि पुन्हा F9 केलंत, तर समरी ९२ येते, एकदम बरोबर. तसंच काउंटर १ वर फक्त आयटम टाकलाय पण F9 अजून मारलेलं नाही, अशा वेळी काउंटर २ चं बिल झालं तरी बरोबर येतं. म्हणजे आयटम टाकताना नाही, F9 मारताना बॅलन्स वाचला जातोय. काउंटरवरचा माणूस डिस्काउंट द्यायला म्हणून मागे जाऊन आला की चूक आपोआप झाकली जाते, आणि तुम्ही बघत असताना तुमचा माणूस हमखास Esc-F9 करतोच.

स्टेप ३ मध्ये बिलाऐवजी गोडाऊनवरून २० गोण्यांचं इनवर्ड केलं तरी तेच: यायला पाहिजे ११५, येतात ९५. सेल्स रिटर्नला पण होतंय असा डाउट आहे, पण ते टेस्ट केलेलं नाही, तुम्ही बघा.

मागे तुमच्याच सपोर्टवाल्याने मिसमॅच शोधायला ही क्वेरी दिली होती, ती आता रोज संध्याकाळी चालवतो. ओपनिंग लेजरमध्येच qty_in ला पडतं त्यामुळे हिशोब पूर्ण बसतो:

```
SELECT m.item_code, m.cur_stock,
       SUM(l.qty_in - l.qty_out) AS ledger_stock
FROM item_master m
JOIN stock_ledger l ON l.item_code = m.item_code
GROUP BY m.item_code, m.cur_stock
HAVING m.cur_stock <> SUM(l.qty_in - l.qty_out);
```

काही न येणं अपेक्षित आहे. गर्दीच्या दिवशी युरिया, डीएपी आणि १०:२६:२६ हे हमखास येतात, म्हणजे जे दोन्ही काउंटरवर सारखे खपतात तेच. जी कीटकनाशकं दिवसाला एखादी बाटली जातात ती कधीच येत नाहीत.

हे विचारणार असाल तर आधीच सांगतो

टन-गोणी कन्व्हर्जनचा प्रॉब्लेम नाही. पहिला संशय आम्हालाही तोच होता कारण युरियाची गोणी ४५ किलोची आणि टनाला पूर्ण गोण्या बसत नाहीत, पण डीएपी ५० किलोची, टनाला सरळ २० गोण्या, तिथेही होतंय, शिवाय टेस्ट कंपनीत युनिट एकच ठेवलं होतं. पेंडिंग चलान नाहीत. तिन्ही मशीनची तारीख-वेळ सारखी आहे. निगेटिव्ह स्टॉक बंद आहे. वायफायवर ढकलू नका, काउंटर १ आणि २ केबलवर आहेत आणि स्टेप्स त्या दोघांवरच केल्यात.

सध्या कसं भागवतोय

रात्री सगळ्यांना बाहेर काढून "री-कॅल्क्युलेट स्टॉक" चालवतो, तेवढ्यापुरता आकडा जुळतो. पण ती चालू असताना एखाद्या काउंटरवर पेमेंट विंडो उघडी राहिली असेल तर नंतर सेव्ह झालेलं बिल परत जुनाच आकडा लिहितं आणि सगळं पाण्यात. दिवसा तर ती चालवताच येत नाही. पोरांना सांगितलंय की F10 च्या आधी Esc-F9 करा, पण त्याने यूपीआयचा क्यूआर नवीन तयार होतो आणि गिऱ्हाईकाने जुन्यावर पैसे पाठवलेले असतात, मग ती वेगळीच कटकट.

काय पाहिजे

सेव्ह करताना विंडोत लक्षात ठेवलेला आकडा लिहू नका, त्या क्षणी डेटाबेसमध्ये जे आहे त्यातून वजा करा. साधारण असं:

```
UPDATE item_master
SET cur_stock = cur_stock - 5
WHERE item_code = 'TEST01';
```

आणि ही अपडेट व लेजरची एन्ट्री एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असू द्या. हे सोडून "पेमेंट विंडो दोन मिनिटांत आपोआप बंद होईल" असला उपाय देऊ नका, आमचा अंगठा दोन मिनिटांत लागत नाही.

प्रायॉरिटी हाय धरा. खताचा स्टॉक आमच्यासाठी नुसता दुकानाचा हिशोब नाही, पॉस मशीनमधला शिल्लक साठा, स्टॉक रजिस्टर आणि गोडाऊनमधला माल तिन्ही जुळावे लागतात आणि रजिस्टर आम्ही तुमच्याच समरीवरून प्रिंट काढतो. कृषी खात्याचा इन्स्पेक्टर आला आणि रजिस्टरला ५४, गोडाऊनला २४८ दिसले तर सॉफ्टवेअरचा बग आहे हे त्याला कोण पटवणार, लायसन्स आमचं आहे. तोपर्यंत निदान रजिस्टरचा रिपोर्ट तरी समरीऐवजी लेजरवरून काढायची सोय द्या, ते बहुतेक छोटं काम असेल.

सोबत टेस्ट कंपनीचा बॅकअप, दोन्ही काउंटरचं स्क्रीन रेकॉर्डिंग, आणि २१ जूनचे युरियाचे लेजर व समरीचे स्क्रीनशॉट जोडलेत. लाइव्ह डेटाचा बॅकअप मागू नका, त्यात शेतकऱ्यांची माहिती आहे. रिमोट घ्यायचा असेल तर दुपारी दोन ते चारच्या मधे घ्या, तेव्हा दोन्ही काउंटर मोकळे असतात, आणि फोन करणाऱ्याने हे आधी वाचलेलं असू द्या.

बिलिंग विभाग, कृषी सेवा केंद्र, निफाड