नुसते नाव

मोबाईलवर मेसेज आल्याची खूण उमटली तेव्हा पहाटेचे पाच वाजून गेले होते. वैशाली मेश्राम यांनी उशाशी ठेवलेला सेवेचा फोन उचलून पाहिला, तर अनोळखी क्रमांकावरून एकच शब्द आला होता : चेतन. आडनाव नाही, गाव नाही, कार्डाचा क्रमांक नाही, काय होते आहे हेही नाही. मेसेज पोहोचताच यंत्राने आपले ठरलेले उत्तर परस्पर पाठवून दिले होते : ‘आपला मेसेज मिळाला. कृपया रुग्णाचे नाव, कार्ड क्रमांक, गाव व त्रास लिहून पाठवा.’ त्यावर पलीकडून काहीच आले नव्हते.

सिंदेवाही तालुक्यातील सिकलसेलच्या रुग्णांसाठी एका सेवाभावी दवाखान्याने ही फोनसेवा सुरू केली होती. दर सोमवारी घरोघरच्या मोबाईलवर गोळ्यांची आठवण जात असे आणि त्रास वाढला तर त्याच क्रमांकावर कळवायचे असे. दिवसा फोन उचलायला माणूस होता. रात्री मात्र ‘कार्यालय बंद आहे, मेसेज पाठवा’ एवढेच ध्वनिमुद्रित वाक्य ऐकू येई. रात्रीचे मेसेज सकाळी आठला वाचायचे, असा नियम होता. वैशालीताई तो फोन घरी आणत आणि उशाशी ठेवून झोपत. सिकलसेलच्या मुलाला रात्री ताप चढला तर सकाळची वाट पाहण्यात काय धोका असतो, हे त्यांनी समुपदेशक म्हणून काम करताना पुरेसे पाहिले होते. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, त्यामुळे हाडासांध्यांत असह्य वेदना होतात. प्लीहा लहानपणीच निकामी होत गेल्याने साधा वाटणारा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो.

त्यांनी त्या क्रमांकावर फोन लावला. पूर्ण वेळ घंटी वाजली, पण कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला, तरी तेच झाले. मग त्यांनी अंगावर शाल घेतली, स्कूटर काढली आणि माघाच्या कडाक्याच्या थंडीत कार्यालय गाठून नोंदवही उघडली.

तालुक्याच्या नोंदवहीत तीन चेतन होते. पहिला आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहत होता. त्याच्या अधीक्षकांना फोन केल्यावर त्यांनी उठून खोलीत जाऊन पाहिले आणि मुलगा शांत झोपला आहे, असे सांगितले. दुसरा उपचारासाठी आईसोबत नागपूरला होता आणि आईचा क्रमांक वहीत होता तोच होता. तिच्याकडेही सगळे ठीक होते. तिसरा चेतन मडावी, वय नऊ, मोहाळीच्या टोल्यावरचा. त्याच्या नोंदीसमोर वडिलांचा मोबाईल क्रमांक होता आणि तो लागत नव्हता. वैशालीताईंनी संगणकावर मागचे सोमवार काढून पाहिले. या मुलाच्या नावे गेलेले ओळीने सगळे मेसेज ‘पोहोचला नाही’ अशा शेऱ्यासह पडून होते आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नेण्याची तारीख केव्हाच उलटून गेली होती. आईवडील कुठे गेले असतील, हे त्या भागातल्या माणसाला विचारावे लागत नाही. धान निघाले, हाताला काम उरले नाही, की गोंदिया–बल्लारशा गाडीने माणसे तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि म्हातारी माणसे व शाळकरी मुले मागे राहतात. वडिलांनी तिकडे गेल्यावर नवे सिमकार्ड घेतले असणार, आणि आता आलेला क्रमांक घरी मागे राहिलेल्या फोनचा असणार, असा अंदाज त्यांनी बांधला. हा केवळ अंदाज होता, पण त्या क्षणी हाताशी दुसरे काही नव्हते. त्यांनी मोहाळीच्या आशाताईंना फोन लावला.

इकडे टोल्यावर चेतनची आजी जनाबाई मडावी मध्यरात्रीपासून जाग्या होत्या. चेतनच्या दोन्ही पोटऱ्या आणि पाठ ठणकत होती, अंग भाजत होते आणि पाणी पाजले तरी पोटात ठरत नव्हते. मुलाला फोन लावला, तर तो लागला नाही. शेजारची दोन्ही घरे मिरचीला गेल्याने कुलूपबंद होती. मोहाळी गाव तिथून दीड कोस, मधला रस्ता झुडपी जंगलाचा, आणि महिनाभरात दोनदा वाघ दिसलेला. त्या भागात उजाडल्याशिवाय कोणी एकटे बाहेर पडत नाही, आणि आजारी पोराला घरात एकटे टाकून इतक्या लांब जाणे जनाबाईंना शक्य नव्हते.

सेवेचा क्रमांक फोनमध्ये सर्वांत वर होता, कारण चेतनने तो तिथे आणून ठेवला होता. त्यांनी तो दाबला, बाईचा आवाज ऐकला, त्यातला ‘मेसेज पाठवा’ एवढा भाग त्यांना कळला. चेतननेच एकदा त्यांना दाखवले होते, कारण तिसरीत गेल्यापासून त्याला आजीला काहीतरी शिकवायचे असे. काचेला तडा गेलेल्या त्या जुन्या फोनवर मराठी अक्षरे कुठून येतात, हे त्यांनी पाहिले होते, पण स्वतः बोट कधी लावले नव्हते. वाचता येत नव्हते, तरी नातवाच्या नावाची तीन अक्षरे त्यांच्या ओळखीची होती, कारण ती सिकलसेलच्या कार्डावर होती आणि ते कार्ड दर महिन्याला त्यांच्याच पिशवीतून दवाखान्यात जात असे.

त्यांनी कार्ड गाडग्यावर उभे केले आणि फोनच्या उजेडात एकेक आकार जुळवू लागल्या. ‘च’ सापडायला बराच वेळ लागला. त्याच्यावरची मात्रा वेगळी दाबावी लागते, हे त्यांना माहीत नव्हते, म्हणून त्या ‘च’वरच पुन्हा पुन्हा बोट ठेवत राहिल्या आणि ओळीत चार ‘च’ जमा झाले. पुसायचे कसे, ते चेतनने क्षीण आवाजात सांगितले. मात्रेची तिरकी रेघ त्यानेच बोटाने दाखवली आणि पुन्हा डोळे मिटले. ‘त’ आणि ‘न’ मात्र त्यांनी एकट्याने शोधले. तीन अक्षरे कार्डावरच्या अक्षरांसारखी दिसू लागल्यावर त्यांनी पुन्हा एकदा फोनवरून कार्डाकडे आणि कार्डावरून फोनकडे पाहिले आणि कागदाच्या विमानासारखी खूण दाबली. पुढे काय लिहायचे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. दवाखान्यात खिडकीपाशी पुकारा होतो तो नावाचाच. नाव पुकारले की आपण उठून उभे राहतो आणि डॉक्टर पुढचे विचारतात. आता त्यांनी नाव पुकारले होते. यंत्राने पाठवलेले उत्तर त्यांच्यासमोर आले, पण त्यांना ते वाचता आले नाही. मग फोन पोराच्या उशाशी ठेवून त्या टोल्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे एका म्हाताऱ्या नातलगाकडे सायकल होती, तिथवर गेल्या. वैशालीताईंचे दोन्ही फोन नेमके त्या वेळात वाजले आणि चेतनला हात लांबवण्याचीही ताकद नव्हती.

आशाताई नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून अंधारातच निघाल्या. वाटेतूनच त्यांनी १०८ ला फोन केला आणि गाडीला मोहाळीच्या डांबरी रस्त्यावर थांबायला सांगितले, कारण टोल्यापर्यंत ती येऊ शकत नव्हती. त्या अंगणात उतरल्या तेव्हा जनाबाई सायकल ढकलत परत येत होत्या. मुलाला दोघांच्या मध्ये धरून मोटारसायकलवर घेतले, जनाबाई सायकलवाल्याबरोबर मागून आल्या आणि सूर्य वर येण्याच्या सुमारास चेतन सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटेवर होता. ताप १०३ होता. सलाइन लागले, तापाचे व वेदनेचे औषध दिले गेले, प्रतिजैविक सुरू झाले आणि दुपारनंतर त्याने प्रथमच पाणी मागितले.

ताप उतरल्यावर वैशालीताई वही घेऊन खाटेपाशी बसल्या. जुना क्रमांक खोडून त्यांनी जनाबाईंचा क्रमांक लिहिला, गोळ्या का चुकल्या ते विचारून घेतले आणि रात्री उत्तर देणारे ते यंत्र बंद करून तिथे माणूस बसवावा, हे डॉक्टरांना सांगण्याचे ठरवून टाकले. मग त्यांनी विचारले, “आजी, गाव तरी लिहायचं होतं ना. आमच्याकडे तीन चेतन आहेत.”

“मले काय माहीत जी तीन आहेत म्हणून,” जनाबाई म्हणाल्या. “माया तं एकच आहे.”

वैशालीताई काही वेळ वहीत पाहत राहिल्या. लोकांनी अर्ज कसा पूर्ण भरावा, हे त्या कितीतरी शिबिरांत शिकवत आल्या होत्या. रात्री एकट्या बाईच्या हातात त्यातले किती उरते, याचा विचार त्या शिबिरांत कधी झाला नव्हता. त्यांनी वहीचे एक पान फाडले आणि त्यावर कार्डावरच्या अक्षरांएवढ्या ठसठशीत अक्षरांत ‘मोहाळी’ लिहिले, खाली ‘ताप’, त्याखाली ‘दुखते’ आणि सर्वांत खाली ‘गोळ्या संपल्या’ असे लिहिले. जनाबाईंनी प्रत्येक शब्द कोणता ते विचारून घेतला. ‘गोळ्या संपल्या’ फार लांब आहे, त्याच्याऐवजी नुसते ‘गोळ्या’ पुरेल, असे त्यांनी स्वतःच सुचवले आणि वैशालीताईंनी पुढचा शब्द खोडला.

मग जनाबाई फोन मांडीवर घेऊन बसल्या. चेतन उशीला टेकून त्यांच्याकडे पाहत होता आणि जिथे बोट अडेल तिथे सांगत होता. ‘मोहाळी’तला ‘ळ’ दोघांनाही लवकर सापडेना. तो सापडल्यावर जनाबाईंनी न थांबता ‘ताप’ही लिहून काढला आणि कोणी काही म्हणायच्या आत पाठवून दिला.

मिनिटभरात फोन वाजला. कार्यालयात बसलेल्या मुलीचा आवाज घाबरा झाला होता : चेतनला पुन्हा ताप आला का, किती आहे, नर्सला बोलावले का?

“ताप नाही जी,” जनाबाई मोठ्याने म्हणाल्या. “शिकून राहिली मी.”

तरीही त्या मुलीने फोन ठेवू दिला नाही. तिने चेतनला फोन द्यायला लावला आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावरच ती थांबली.