जोखीम नोंदवही : वाचनालयाच्या ग्रंथसूचीचे संगणकीकरण (आवृत्ती ३, दि. २२ नोव्हेंबर २०२५)

प्रकल्प : रत्नागिरी जिल्ह्यातील तालुक्याच्या ठिकाणच्या, ‘ब’ वर्गाच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातील १८,४०० पुस्तकांची सूची ‘कोहा’ या मुक्तस्रोत प्रणालीत भरणे, प्रत्येक पुस्तकाला बारकोड लावणे आणि देवघेव संगणकावर सुरू करणे.
कालावधी : १ ऑक्टोबर २०२५ ते ३१ मार्च २०२६.
मंजूर खर्च : ३,४०,००० रुपये, पैकी १,२०,००० रुपये अपेक्षित अनुदानातून, उरलेले देणग्या व वाचनालयाच्या निधीतून.
आजची स्थिती : ५,१५० नोंदी पूर्ण, वेळापत्रकानुसार ५,३०० व्हायला हव्या होत्या.
नोंदवही ठेवणार : प्रकल्प समन्वयक.

शक्यता आणि परिणाम हे दोन्ही १ ते ५ या मापावर धरले असून त्यांचा गुणाकार म्हणजे त्या जोखमीचे गुण होत. शक्यता ५ याचा अर्थ ती गोष्ट घडणारच, असे आपण धरून चाललो आहोत. परिणाम ५ याचा अर्थ झालेले नुकसान भरून काढता येणार नाही. १५ किंवा त्याहून अधिक गुणांच्या जोखमींचा आढावा दर शनिवारी, ८ ते १४ गुणांच्या जोखमींचा महिन्यातून एकदा घेतला जाईल आणि त्याखालच्या जोखमींवर केवळ लक्ष ठेवले जाईल. पहिल्या आवृत्तीत पाच जोखमींपुढे जबाबदार म्हणून ‘कार्यकारी मंडळ’ असे लिहिले होते आणि त्या पाचही जोखमींवर महिनाभरात काहीच झाले नाही, म्हणून या आवृत्तीपासून प्रत्येक जोखमीपुढे एकाच पदाधिकाऱ्याचा किंवा कर्मचाऱ्याचा हुद्दा राहील.

| क्र. | जोखीम आणि तिचे कारण | शक्यता | परिणाम | गुण | उपाययोजना | जबाबदार | मुदत |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ज-०३ | ग्रंथपाल ३१ जानेवारीला निवृत्त होत आहेत. जुन्या नोंदींचे संदर्भ केवळ त्यांनाच ठाऊक आहेत. | ५ | ४ | २० | रोज एक तास सहायक ग्रंथपालांसोबत कपाटनिहाय माहिती वहीत उतरवून घ्यावी. | कार्यवाह | ३१ डिसेंबर |
| ज-०१ | जुन्या दाखल नोंदवहीत एकच दाखल क्रमांक दोन पुस्तकांना पडला आहे. | ४ | ४ | १६ | शंकास्पद क्रमांक वेगळे काढून, पुस्तक हातात घेऊनच नोंद करावी. | ग्रंथपाल, १ फेब्रुवारीपासून सहायक ग्रंथपाल | १५ फेब्रुवारी |
| ज-०५ | वीज अचानक गेल्याने किंवा संगणक बिघडल्याने भरलेल्या नोंदी नष्ट होतील. | ४ | ४ | १६ | यूपीएस बसवावा. रोज बॅकअप घ्यावा व त्याची एक प्रत इमारतीबाहेर ठेवावी. | सहकार्यवाह | ३० नोव्हेंबर |
| ज-०७ | दुर्मिळ संग्रहातील २१२ पुस्तकांची पाने हाताळताना तुटतील. | ३ | ५ | १५ | ही पुस्तके स्वयंसेवकांकडे देऊ नयेत. त्यांवर चिकट लेबल लावू नये. | सहायक ग्रंथपाल | लगेच |
| ज-०२ | जुन्या फाँटमधील ६,२०० पुस्तकांची यादी युनिकोडमध्ये आणताना अक्षरे बिघडतील आणि शोध लागणार नाही. | ४ | ३ | १२ | रूपांतरानंतर प्रत्येक शंभर नोंदींतील दहा पुस्तकाशी ताडून पाहाव्यात. | प्रकल्प समन्वयक | १० जानेवारी |
| ज-०६ | महाविद्यालयीन स्वयंसेवक परीक्षांच्या काळात येणार नाहीत. | ४ | ३ | १२ | निवृत्त शिक्षक सभासदांची दुसरी तुकडी तयार ठेवावी. | सहकार्यवाह | ५ डिसेंबर |
| ज-०४ | अनुदानाचा हप्ता मार्चपूर्वी हाती येणार नाही. | ३ | ४ | १२ | बारकोड प्रिंटर व लेबले निधीतून घ्यावीत. दुसऱ्या संगणकाची खरेदी हप्ता येईपर्यंत थांबवावी. | कोषाध्यक्ष | १५ डिसेंबर |
| ज-०८ | प्रणालीची मांडणी व पासवर्ड एकाच तंत्रज्ञाकडे आहेत. | २ | ५ | १० | पासवर्ड मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत. मांडणी लिहून घ्यावी. | कार्यवाह | ६ डिसेंबर |
| ज-०९ | नदीचे पाणी तळमजल्यावर शिरून संगणक व पुस्तके भिजतील. | २ | ५ | १० | मुख्य संगणक पहिल्या मजल्यावर हलवावा. | प्रकल्प समन्वयक | ३१ डिसेंबर |
| ज-१० | सभासदांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक बाहेर जातील. | २ | ४ | ८ | स्वयंसेवकांच्या खात्यांना केवळ ग्रंथनोंदीचा अधिकार द्यावा. | सहायक ग्रंथपाल | २९ नोव्हेंबर |
| ज-११ | दमट हवेत बारकोडची लेबले सुटतील. | ३ | २ | ६ | लेबल मलपृष्ठाच्या आतील बाजूस लावून त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवावी. | सहायक ग्रंथपाल | सुरू |
| ज-१२ | कपाटे बंद राहिल्याने वाचकांची गैरसोय होईल. | २ | २ | ४ | एका वेळी दोनच कपाटे बंद ठेवावीत, पाटी लावावी. | ग्रंथपाल | सुरू |

ज-०१ आणि ज-०३ यांविषयी

या दोन जोखमी तक्त्यात वेगळ्या दिसत असल्या, तरी प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. १४ नोव्हेंबरला दुपारी नऊ नंबरच्या कपाटातील पन्नास पुस्तके दाखल नोंदवहीशी ताडून पाहिली, तेव्हा त्यांतील सात पुस्तकांचा मेळ बसला नाही. दाखल क्रमांक ४३१७ एका नाटकाच्या पहिल्या पानावर जांभळ्या शिक्क्याखाली शाईने लिहिलेला आहे आणि तोच क्रमांक फळबागांविषयीच्या एका पुस्तकावरही आहे. नोंदवहीत मात्र त्या ओळीवर केवळ नाटक आहे. नोंदवहीचा एक खंड भरला तेव्हा नवा खंड ४२०१ पासून पुन्हा सुरू झाला असावा, म्हणजे सुमारे तीनशे क्रमांक दुहेरी असावेत, असा ग्रंथपालांचा अंदाज आहे. हा अंदाज त्यांनी नोंदवही न उघडता सांगितला आणि तपासलेल्या सातपैकी सहा पुस्तकांबाबत तो बरोबर निघाला. अशी माहिती कोणत्याही कागदावर नाही, ती एका माणसाच्या तीस वर्षांच्या सवयीत आहे, आणि ज-०३ ला २० गुण देण्याचे कारण हेच आहे.

बारकोड दाखल क्रमांकाशी बांधलेला असल्यामुळे दुहेरी क्रमांक तसाच राहिला, तर एक पुस्तक परत आल्यावर दुसऱ्याची नोंद बंद होईल आणि वार्षिक पडताळणीत पुस्तके हरवल्याचे दिसेल. म्हणून ४२०१ ते ४५०० या क्रमांकांची एकही नोंद स्वयंसेवकांनी करू नये. दुसऱ्या पुस्तकाला नवा क्रमांक देऊन जुना क्रमांक शेऱ्यात ठेवावा आणि मूळ नोंदवहीत खाडाखोड न करता बाजूला लाल शाईने नवा क्रमांक लिहून ग्रंथपालांनी त्यावर सही करावी. निवृत्तीनंतरही ग्रंथपाल मदतीला येतील, याबद्दल शंका नाही. परंतु त्यांच्या सद्भावनेवर वेळापत्रक उभे करणे योग्य होणार नाही, म्हणून शक्यतेचा आकडा ५ वरून खाली आणलेला नाही.

ज-०२ विषयी

या जोखमीचे गुण मागील आवृत्तीत ६ होते, ते आता १२ केले आहेत. जुनी यादी ज्या फाँटमध्ये टंकलिखित झाली, त्यात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकित होतो, तर युनिकोडमध्ये हा क्रम उलट आहे. परिणामी पहिल्या रूपांतरात ‘सूर्य’चे ‘सूयर्’ आणि ‘किनारा’चे ‘िकनारा’ झाले. ही चूक डोळ्यांना दिसते, त्यामुळे ती दुरुस्त होईल. अधिक अवघड चूक न दिसणारी आहे : ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित करता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतील संकेत भिन्न असल्याने एका प्रकारे शोधल्यास दुसऱ्या प्रकारे नोंदलेले पुस्तक सापडत नाही. कोणता प्रकार वापरायचा, हे ठरवून सर्व टंकलेखकांच्या संगणकांवर एकच कीबोर्ड मांडणी ठेवावी लागेल.

जुन्या शुद्धलेखनाचा प्रश्नही येथेच येतो. १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे आहेत. मुखपृष्ठावर जे छापले आहे तेच शीर्षकात ठेवावे आणि आजचे रूप पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात द्यावे, असे माझे मत आहे. शीर्षक ‘सुधारून’ लिहिणे म्हणजे त्या पुस्तकाची ओळख बदलणे होय, आणि तसे करण्याचा अधिकार सूचीकाराला नाही.

ज-०५ विषयी

प्रणालीचा बॅकअप रोज सायंकाळी सहा वाजता `koha-dump` या आज्ञेने घेतला जातो. तथापि आजवर तो एकदाही परत उतरवून पाहिलेला नाही. जो बॅकअप उतरवून पाहिलेला नाही, त्याच्या भरवशावर गुण कमी करता येत नाहीत. सहकार्यवाहांनी ३० नोव्हेंबरपर्यंत जुन्या संगणकावर `koha-restore` चालवून नोंदींची संख्या जुळते का, हे पाहावे. ती जुळल्यास परिणाम ४ वरून २ वर येईल आणि गुण ८ होतील. बाहेरची प्रत दर शनिवारी कोषाध्यक्षांच्या घरी जाईल.

ज-०७ विषयी

या २१२ पुस्तकांतील कित्येकांचा कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कोपरा बोटांत येतो. एवढ्यासाठीच परिणाम ५ दिला आहे : नोंद चुकली तर पुन्हा करता येते, पान तुटले तर तुटले. त्यांना बारकोड लावू नये. क्रमांक आम्लविरहित कागदाच्या पट्टीवर लिहून ती पुस्तकात ठेवावी. पुस्तक पूर्ण सपाट उघडू नये, दोन्ही बाजूंना उशी देऊन अर्धवट उघडावे आणि शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र घेऊन त्यावरून नोंद करावी.

ज-०६ आणि ज-०९ यांविषयी

आठवड्याच्या सुमारे ७०० नोंदींपैकी ४०० स्वयंसेवकांच्या आहेत. ते तीन आठवडे आले नाहीत, तर १,२०० नोंदी मागे पडतील आणि काम एप्रिलच्या मध्यापर्यंत लांबेल. असे आणखी एक-दोन खंड पडले, तर आपण जूनमध्ये, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, अर्धवट रिकामी कपाटे आणि तळमजल्यावर रचलेले गठ्ठे घेऊन उभे असू. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा काय झाले, हे आपल्यापैकी अनेकांनी नातेवाइकांच्या घरी जाऊन पाहिले आहे. आज ज-०९ ची शक्यता २ आहे ती केवळ काम मार्चअखेर संपेल, या गृहीतावर. ३१ जानेवारीला १२,००० नोंदी झालेल्या नसतील, तर ती ४ धरावी आणि तळमजल्यावरील गठ्ठे हलवण्यासाठी कार्यवाहांनी पहिल्या मजल्यावरील सभागृह राखून ठेवावे.

बंद केलेली जोखीम

ज-१३ : मुख्य संगणक वेळेत न मिळणे. संगणक ३ नोव्हेंबरला मिळाला; जोखीम बंद.

कार्यकारी मंडळाकडून हवे असलेले निर्णय

सहायक ग्रंथपालांचे डिसेंबर व जानेवारी महिन्यांतील देवघेवीचे काम रोज एक तासाने कमी करावे, कारण त्याविना ज-०३ ची उपाययोजना कागदावरच राहील. यूपीएससाठी १४,५०० रुपये आकस्मिक खर्चातून मंजूर करावेत. पुढील मासिक आढावा शनिवार, दि. २० डिसेंबर २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजता वाचनालयात होईल. जबाबदार व्यक्तींनी आपल्या जोखमीची स्थिती १८ डिसेंबरपर्यंत समन्वयकांकडे लेखी द्यावी.